विजेचे बिल आणि बॅटरीचा घसारा

नागपूरच्या सीताबर्डीवरून, रेल्वे स्थानकाच्या बाहेरून किंवा इतवारीच्या गल्ल्यांतून आवाज न करता सरकणाऱ्या ई-रिक्षांकडे पाहून सामान्य नागरिकाच्या मनात एकच समज असतो, आणि तो असा की, ज्या वाहनाला पेट्रोल लागत नाही, गॅस लागत नाही, रात्री घरच्या भिंतीवरील प्लगला जोडून ठेवले की सकाळी जे धावण्यास सिद्ध होते, त्या वाहनाच्या चालकाचा इंधनखर्च नगण्य असला पाहिजे. हा समज सर्वस्वी खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे. ई-रिक्षा दोन गोष्टी खाते : एक वीज आणि दुसरी बॅटरी. विजेची किंमत दरमहा बिलाच्या रूपाने दारात येते म्हणून ती मोजली जाते. बॅटरीची किंमत वर्षाकाठी एकदाच, पण एकदम चाळीस-पन्नास हजारांच्या रकमेने अंगावर येते, म्हणून ती रोजच्या जमाखर्चात कोणी धरीत नाही. वास्तविक हिशेब मांडला तर रोजच्या विजेपेक्षा रोज झिजणारी बॅटरी अधिक महाग पडते, आणि ही झीज किती वेगाने व्हावी हे बऱ्याच अंशी चालकाच्या हाती असते.

प्रथम वाहनाची जात ध्यानी घेतली पाहिजे. येथे अभिप्रेत आहे ती मोठ्या तीनचाकी विद्युत ऑटोरिक्षांची जात नव्हे, तर कमी वेगाची, हलक्या सांगाड्याची ई-रिक्षा होय. 2014 साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत हिच्यासाठी स्वतंत्र तरतूद केली आणि 2015 साली मूळ कायद्यातही दुरुस्ती झाली; त्या नियमांप्रमाणे हिची मोटर 2000 वॅटपेक्षा अधिक शक्तीची नसावी, वेग ताशी 25 किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि चालकाखेरीज चारच प्रवासी व 40 किलो सामान हिच्यात असावे. प्रवाशांच्या आसनाखाली पत्र्याच्या पेटीत 12 व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यांचा मिळून 48 व्होल्टचा संच होतो. अलीकडे लिथियम बॅटरीच्या ई-रिक्षाही रस्त्यावर येत आहेत. परंतु जुन्या शिशाच्या बॅटरीवर पोट भरणारा चालकवर्ग अद्याप मोठा आहे, आणि खर्चाचे कोडेही त्याच बॅटरीत अधिक गुंतागुंतीचे आहे.

समजा, अशा संचातील प्रत्येक बॅटरीवर 130 अँपिअर-तास असा आकडा छापलेला आहे. 48 व्होल्टने त्यास गुणले म्हणजे सुमारे सव्वासहा युनिट वीज संचात मावते असे कागदोपत्री दिसते. परंतु हा छापील आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे, म्हणजे तिच्यातून सतत साडेसहा अँपिअर एवढाच प्रवाह काढला तर. रिक्षा सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरने चालली तरी वीस-एकवीस अँपिअर ओढते, आणि भरल्या गाडीने उड्डाणपुलाचा चढ घेताना तर हा प्रवाह दुपटी-तिपटीवर जातो. शिशाच्या बॅटरीचा स्वभावच असा आहे की, तिच्याकडून जितक्या घाईने वीज मागावी तितकी एकूण वीज ती कमी देते. म्हणून सव्वासहा युनिटांपैकी रस्त्यावर हाती येतात ती पाचच, आणि संच तळापर्यंत उपसावयाचा नसल्यामुळे त्यांतीलही चारच वापरावी हे शहाणपणाचे. किलोमीटरला 50 वॅट-तास या मानाने चार युनिटांत 80 किलोमीटर अंतर कापले जाते.

चार युनिट खर्च झाली म्हणून मीटरवर चारच पडतील असे मात्र नाही. बॅटरीतून जितके अँपिअर-तास काढले त्याहून पंधरा-वीस टक्के अधिक परत घालावे लागतात. शिवाय बॅटरी रिकामी होताना जे व्होल्टेज असते त्याहून बऱ्याच वरच्या व्होल्टेजने ती भरावी लागते. आणि चार्जर स्वतः तापतो तोही विजेच्याच जिवावर. या तिन्ही गळती जमेस धरल्या की चार युनिटांसाठी मीटर साधारणतः साडेसहा युनिट दाखवितो. महिन्यातून 26 दिवस रिक्षा चालली तर ही बेरीज 169 युनिटांची होते.

आता या युनिटांचा भाव काय धरावा? येथे चालकाची पहिली फसगत होते, आणि ती विजेच्या दरांच्या पायऱ्यांमुळे होते. महाराष्ट्रात घरगुती वापराचा पहिला टप्पा 100 युनिटांना संपतो आणि त्यापुढील 300 युनिटांपर्यंतचा दर बराच चढा असतो. सर्व आकार धरून पहिल्या टप्प्यात युनिटला 6 रुपये आणि दुसऱ्या टप्प्यात 13 रुपये पडतात असे उदाहरणापुरते समजू. ज्या घरात दिवे, पंखे व दूरचित्रवाणी मिळून महिन्याला 90 युनिट जळतात, त्या घरात रिक्षा आली की वापर 259 युनिटांवर जातो. चालक बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागतो आणि युनिटला दहा-साडेदहा रुपये, म्हणजे दिवसाला 67 रुपये पडले असे म्हणून समाधान पावतो. पण रिक्षा नसती तर घराचे बिल स्वस्त टप्प्यातच राहिले असते. रिक्षेच्या 169 युनिटांपैकी अवघी 10 स्वस्त भावाने आणि उरलेली सारी महाग भावाने आलेली आहेत. हिशेब रिक्षेपूर्वीच्या आणि रिक्षेनंतरच्या बिलातील फरकाचा करावयास हवा, आणि तो 2,127 रुपयांचा, म्हणजे दिवसाला सुमारे 82 रुपयांचा होतो. विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी राज्याच्या वीज नियामक आयोगाने स्वतंत्र वर्गवारी ठेवलेली आहे. स्वतंत्र मीटर परवडतो की नाही याचा निर्णय याच फरकाकडे पाहून घ्यावा. ज्यांच्या घरी जागा नाही ते एखाद्या वाड्यात किंवा गॅरेजात रात्रीपुरती रिक्षा लावून ठोक रक्कम देतात. तेथेही त्या रकमेला साडेसहाने भागून युनिटचा खरा भाव काढता येतो.

उत्पन्नाच्या बाजूस, दिवसभरात 60 प्रवासी सरासरी 15 रुपये देऊन गेले असे धरले तर 900 रुपये जमा होतात. त्यांतून विजेचे 82 रुपये वजा गेले, म्हणजे उत्पन्नाच्या शेकडा नऊ. इतक्यावरच थांबले तर धंदा मोठा किफायतीचा दिसतो, आणि रिक्षा विकणारा विक्रेता नेमका येथेच थांबतो.

पुढील रकाना घसाऱ्याचा आहे. चार बॅटऱ्यांचा संच 48,000 रुपयांस घेतला आणि जुना संच मोडीत देऊन त्यातील शिशाचे 12,000 रुपये वजा झाले, तर प्रत्यक्ष गेले 36,000 रुपये. हा संच बारा महिने, म्हणजे 312 कामाचे दिवस टिकला तर रोजचे 115 रुपये झाले. विजेपेक्षा 33 रुपये अधिक. तोच संच आठ महिन्यांत बसला तर रोजचा भार 173 रुपयांवर जातो, आणि सोळा महिने चालला तर 87 रुपयांवर उतरतो. वाईट वागवलेल्या आणि नीट वागवलेल्या संचांमधील ही 86 रुपयांची तफावत रोजच्या संपूर्ण वीजखर्चाहून मोठी आहे. कर्जाच्या हप्त्याचे रोजी 250 आणि टायर-ब्रेक-ग्रीस आदी किरकोळ देखभालीचे 40 रुपये धरले तर नीट वागवलेल्या संचाच्या धन्याच्या पदरात दिवसाअखेर 441 रुपये पडतात, तर दुसऱ्याच्या पदरात 355. दोघांचे रस्ते तेच, प्रवासी तेच, भाडेही तेच. फरक फक्त आसनाखालील पेटीत घडलेला असतो.

त्या पेटीत काय घडते हे समजण्यास थोडे रसायनशास्त्र अपरिहार्य आहे, आणि सुदैवाने ते जुने व सोपे आहे. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली शिसे-आम्ल बॅटरी सिद्ध केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजतागायत बदललेले नाही. एका प्लेटवर शिशाचे डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी वीज देऊ लागली की आम्लातील सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरी चार्ज होऊ लागली की सल्फेट प्लेटांवरून सुटून पुन्हा आम्लात मिसळते आणि आम्ल घट्ट होते. आम्लाची घनता मोजली की बॅटरी किती भरली आहे हे कळते ते याचमुळे. हा व्यवहार पूर्णपणे उलटसुलट चालला असता तर बॅटरी अक्षय झाली असती. परंतु प्लेटांवर नुकतेच बसलेले सल्फेट बारीक कणांचे आणि सहज सुटणारे असते, तर तेच काही दिवस तसेच राहिले की त्याचे कण एकत्र येऊन टणक स्फटिक बनतात, आणि हे स्फटिक नेहमीच्या चार्जिंगने सुटत नाहीत. जितका भाग स्फटिकांनी व्यापला तितकी प्लेट निकामी झाली. कारागीर ज्याला बॅटरीने सल्फेट धरले म्हणतात, तो हा विकार.

सल्फेट धरण्यास तीन सवयी कारणीभूत होतात. पहिली म्हणजे बॅटरी तळापर्यंत उपसण्याची. संध्याकाळी गर्दीची वेळ असते, आणखी दोन फेऱ्या मिळतील या आशेने चालक काटा खाली गेला तरी थांबत नाही. परंतु रोज निम्मी रिकामी होणारी बॅटरी जितकी आवर्तने सोसते, त्याच्या साधारण निम्मीच आवर्तने रोज शेकडा 80 रिकामी होणारी बॅटरी सोसते. भार असताना संचाचे व्होल्टेज 42 च्या खाली, म्हणजे प्रत्येक बॅटरीचे साडेदहाच्या खाली जाऊ देणे हे तिच्या आयुष्यातील दिवस थेट कापून घेणे होय. दुसरी सवय रिकामी बॅटरी तशीच उभी ठेवण्याची : लग्नकार्यासाठी गावी जाताना किंवा पावसाच्या झडीत रिक्षा आठवडाभर दारात पडून राहते, आणि त्या आठवड्यात जे स्फटिक बनतात ते दोन महिन्यांच्या धावण्यानेही कदाचित बनले नसते. रिक्षा उभी करावयाची असेल तर ती पूर्ण चार्ज करूनच उभी करावी.

तिसरी सवय अर्धवट चार्जिंगची, आणि ती सर्वांत फसवी आहे. चार्जिंगच्या पहिल्या चार-पाच तासांत बॅटरी झपाट्याने भरते आणि शेकडा 80 पर्यंत पोहोचते. उरलेले शेकडा 20 भरण्यास मात्र आणखी चार-पाच तास लागतात, कारण त्या अवस्थेत ती पूर्वीइतका प्रवाह घेऊच शकत नाही. चालक रात्री अकराला प्लग लावतो, मध्ये दोन तास वीज जाते, आणि पहाटे सहाला काटा वर दिसतो म्हणून तो प्लग काढतो. काटा वर दिसतो तो नुकत्याच थांबलेल्या चार्जिंगच्या वाढीव व्होल्टेजमुळे. अर्ध्या तासात तो खाली येतो. दिवसागणिक शेवटचा वाटा भरावयाचा राहून जातो आणि तेवढेच सल्फेट टणक होत जाते. शिवाय याच अखेरच्या टप्प्यात बॅटरीतून बुडबुडे येतात आणि ते तळाशी साचलेले घट्ट आम्ल वरच्या पातळ आम्लात घुसळून एकजीव करतात; ते आले नाहीत तर प्लेटांचा खालचा भाग घट्ट आम्लात कुजतो आणि वरचा भाग पातळ आम्लात उपाशी राहतो. दुपारी जेवणाच्या वेळी तास-दीड तास चार्जिंग मिळाले तर जरूर घ्यावे, कारण त्यामुळे संध्याकाळी बॅटरी तितकी खोल जात नाही. मात्र त्याने रात्रीचे पूर्ण चार्जिंग चुकविण्याची सवलत मिळते असे समजू नये.

अर्धवट चार्जिंगच्या विरुद्ध टोकास अतिचार्जिंग आणि उष्णता उभी आहेत, आणि विदर्भात या दोहोंची सांगड मे महिन्यात बसते. बॅटरी भरून झाल्यावरही चार्जर प्रवाह ढकलीत राहिला तर ती वीज साठत नाही; ती पाण्याचे विघटन करते आणि धन प्लेटेच्या शिशाच्या जाळीला आतून गंजवते. बॅटरी 25 अंशांवर जितकी टिकेल त्याच्या निम्मीच 35 अंशांवर टिकते, असा या क्षेत्रातील स्थूल नियम आहे. बाहेर 45 अंशांचे ऊन असताना, पत्र्याच्या बंद पेटीत, दिवसभराच्या धावपळीने तापलेल्या बॅटऱ्या रिक्षा थांबताक्षणी चार्जिंगला लावल्या तर काय होते हे यावरून ताडता येईल. चांगला चार्जर बॅटरीचे तापमान पाहून आपले व्होल्टेज थोडे खाली आणतो, परंतु स्वस्त चार्जरला तापमानाची जाणीवच नसते. त्यामुळे जो चार्जर जानेवारीत बरोबर काम करतो तोच मेमध्ये बॅटरी उकळू लागतो. उपाय साधे आहेत : उन्हाळ्यात रिक्षा सावलीत लावावी, आसन उचलून पेटी उघडी ठेवावी, आणि बॅटरीला हात लावून ती कोमट झाली असे वाटले की मगच चार्जर जोडावा. पेटी उघडी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. चार्जिंगच्या अखेरीस हायड्रोजन वायू निघतो आणि तो कोंडला तर एखाद्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

उडालेल्या पाण्याची भरपाई हा रोजच्या देखभालीचा भाग आहे, आणि त्यात नेमके उलट वागले जाते. पाणी भरावयाचे ते डिस्टिल्डच. नळाच्या पाण्यातील क्लोराइड आणि लोह प्लेटांना कायमचे अपाय करतात. आम्ल कधीही भरू नये, कारण उडते ते पाणी, आम्ल आतच असते. बॅटरी मंद झाली म्हणून वरून आम्ल ओतणारे कारागीर तिला दोन आठवड्यांचा उत्साह देतात आणि महिन्याभरात तिचा निकाल लावतात. आणि पाणी चार्जिंगनंतर भरावे, आधी नव्हे. कारण चार्जिंगमध्ये द्रव फुगतो व आधीच काठोकाठ भरलेला असेल तर आम्लासह बाहेर सांडतो. याला अपवाद एकच : प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे, उरलेले नंतर.

येथवरची कारणे चारही बॅटऱ्यांना सारखीच लागू आहेत. पण पुष्कळदा संच बसतो तो चौघींपैकी एकीमुळे, आणि तिचा घात करणारी गोष्ट अगदी निरुपद्रवी दिसते. रिक्षेतील मोटर 48 व्होल्टवर चालते, परंतु दिवे, भोंगा आणि गाणी वाजविणारे यंत्र 12 व्होल्टचे असते. खरे म्हणजे यासाठी 48 चे 12 करणारा स्वतंत्र कन्व्हर्टर बसविला पाहिजे; पण शे-दोनशे रुपये वाचविण्यासाठी कारागीर चारांपैकी एकाच बॅटरीवरून दोन तारा काढतो आणि दिवे-गाणी तिच्यावर लावून देतो. हिशेब करून पाहा. मोटरने दिवसभरात प्रत्येक बॅटरीतून सुमारे 85 अँपिअर-तास घेतले. दिवे आणि गाणी मिळून 40 वॅट, सहा तास चालली, तर त्या एकीतून आणखी 20 गेले. तिच्या खाती 105 पडले. रस्त्यावरच्या वेगाने वापरता तिची प्रत्यक्ष कुवत तितकीच, म्हणजे ती रोज तळाला जाते. रात्री चार्जर चौघींना एकाच तारेने जोडलेला असल्यामुळे सर्वांना सारखेच, समजा 100 अँपिअर-तास घालतो. तिघींनी 85 दिले आणि 100 घेतले, त्या भरतात, नव्हे थोड्या जास्तच भरतात व पाणी उडवितात. चौथीने 105 दिले आणि 100 च घेतले, ती रोज तुटीत राहते. काही आठवड्यांत तिच्या प्लेटा सल्फेट धरतात, आणि मग दिवसा बाकीच्या तिघी तिच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलीत नेतात तेव्हा तिच्यातील दुबळे सेल उलट्या दिशेने चार्ज होऊ लागतात. चालकाला मात्र सगळा संचच खराब निघाला असे वाटते, आणि तो विक्रेत्याशी हुज्जत घालावयास जातो.

हा प्रकार वेळीच ओळखण्यास दोन साधने पुरेत. एक साधा मल्टिमीटर : चार्जिंग संपवून तीन-चार तास विसावलेल्या प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे, चांगली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखविते, आणि तिघी तेथे असताना चौथी 12.3 वर अडली असेल तर दोष तिच्यात आहे. दुसरे साधन हायड्रोमीटर, काचेच्या नळीतील तरंगकाट्याचे. चार बॅटऱ्यांचे 24 सेल एकेक उघडून त्यांतील आम्लाची घनता पाहावी. सर्व सेल 1.260 च्या आसपास असताना एखादा 1.230 किंवा त्याखाली असेल तर तो सेल आजारी समजावा. महिन्यातून एकदा अर्धा तास एवढे केले आणि आकडे वहीत टिपून ठेवले, तर बॅटरी बसण्याच्या दोन महिने आधी तिची वार्ता मिळते. त्याखेरीज चालकाच्या डोळ्यांना दिसणारी लक्षणेही आहेत : चढावर काटा एकदम पडतो आणि गाडी थांबताच वर येतो, एकाच बॅटरीचे पाणी इतरांपेक्षा लवकर किंवा फारच कमी उडते, चार्जिंगमध्ये एकच बॅटरी हाताला अधिक गरम लागते, किंवा एखाद्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी जमून तेथील तार तापते. शेवटचा दोष तर गरम पाण्याने धुऊन, नट घट्ट आवळून आणि थोडे व्हॅसलीन लावून दहा मिनिटांत दूर होतो.

दुबळी सापडली की तेवढी एकच नवी आणून बसवावी असा मोह होतो. संच दोन-तीन महिन्यांचाच असेल तर ते योग्य. परंतु वर्षभर झिजलेल्या तिघींच्या पंक्तीस कोरी चौथी बसविली तर चौघींचा मेळ बसत नाही. जुन्या लवकर रिकाम्या होतात व लवकर भरतात, चार्जर त्यांच्याकडे पाहून हात आखडता घेतो, आणि नवी कायमची अर्धपोटी राहून तीही लवकरच जुनी होते.

ओझ्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे, कारण उत्पन्नाचा आणि बॅटरीचा थेट सामना तेथेच होतो. चारच्या जागी सहा प्रवासी घेतले तर फेरीमागे 30 रुपये अधिक मिळतात हे खरे. पण दोन माणसांच्या वजनाने निघतानाचा आणि चढावरचा प्रवाह वाढतो, बॅटरी अधिक तापते आणि अधिक खोल जाते, व तेच अंतर कापण्यास अधिक वीज लागते. कायदाही चारांचाच आहे. टायरमधील हवा कमी असणे, ब्रेक किंचित घासत राहणे हे दोषही न दिसणाऱ्या प्रवाशासारखे रोज फुकट प्रवास करतात.

आता अखेरचा हिशेब, जो फारच थोडे चालक मांडतात : बसत चाललेला संच कधी बदलावा? संच म्हातारा झाला की 80 किलोमीटरांचे 55 होतात. चालक म्हणतो, अजून दोन महिने ओढू, तेवढेच पैसे वाचतील. बारा महिन्यांच्या आयुष्याच्या मानाने दोन महिन्यांची बचत सुमारे सहा हजारांची. उलट, दररोज 25 किलोमीटर कमी म्हणजे त्याच मानाने 280 रुपयांचे भाडे कमी. विजेतले 25 रुपये वाचले असे धरले तरी 52 दिवसांत तेरा हजारांहून अधिक बुडाले. ज्याच्या स्टँडवर प्रवासीच कमी आहेत आणि ज्याला दिवसाला 55 किलोमीटर पुरतात त्याला हे लागू नाही. पण ज्याला संध्याकाळच्या गर्दीत प्रवासी सोडून घरी परतावे लागते त्याने ओढाताण करण्यात अर्थ नाही.

लिथियम बॅटरीचा पर्याय याच कसोटीवर पाहावा. लोह-फॉस्फेट जातीचा संच लाख-सव्वा लाखाच्या घरात पडतो. 1,10,000 रुपये दिले आणि तो 1,500 दिवस चालला तर रोजचा घसारा 73 रुपये, आणि गळती कमी असल्याने त्याच चार युनिटांसाठी मीटरवर पाचाच्या आतच पडतात. तो तीन-चार तासांत भरतो आणि अर्धवट चार्जिंगने त्याचे बिघडत नाही. परंतु एकरकमी भांडवल अधिक, त्यासाठी कर्ज काढले तर व्याजही धरावे लागते, आणि जुन्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर त्याला लावणे धोक्याचे आहे. लेखी हमी किती महिन्यांची आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती आपल्याच शहरात होते की नाही, हे विचारल्याखेरीज तो घेऊ नये.

म्हणून नवी ई-रिक्षा घेणाऱ्याला सल्ला एवढाच की, दिवसाअखेर पैसे मोजताना विजेच्या 82 रुपयांबरोबर बॅटरीचे 115 रुपयेही त्याच दिवशी बाजूला काढून ठेवावे. जे उरेल तीच कमाई. हे 115 रुपये घरखर्चात गेले तर वर्षअखेरीस नव्या संचासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागते, आणि मग त्या बॅटरीवर व्याजाचा आणखी एक घसारा चढतो.